पहिलं पोर जास्त हुशार असतं का? पावणेचार लाख मुलांचा सर्व्हे काय सांगतो

"पहिलं मूल जास्त हुशार असतं, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं." अशी ओळ व्हॉट्सॲपवर फिरत आली की थोरला खूश होतो, धाकटा तोंड पाडतो आणि आई-बाप दोघांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. ज्या घरात एकाच पोराची पुढची फी भरण्याइतका पैसा आहे, तिथं तर अशी एक ओळसुद्धा पारडं झुकवू शकते.

ही ओळ पूर्ण खोटी नाही. तिच्यामागे खरा सर्व्हे आहे, तोही लहानसहान नाही. पण 'फरक सापडला' आणि 'फरक मोठा आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातमीत त्या एकच होऊन जातात. त्या कशा वेगळ्या करायच्या, ते याच सर्व्हेवरून बघू.

सर्व्हे नेमका काय होता?

१९६० साली अमेरिकेत 'प्रोजेक्ट टॅलेंट' नावाचा मोठा सर्व्हे झाला. हायस्कूलमधल्या चार लाखांहून जास्त मुला-मुलींना दोन दिवस पुरतील एवढ्या चाचण्या दिल्या गेल्या. गणित, भाषा, विचारशक्ती, स्वभाव, आवडीनिवडी, घरची परिस्थिती, भावंडं किती, आपला नंबर कितवा, असं सगळं विचारलं गेलं.

पुढे २०१५ साली इलिनॉय विद्यापीठातले ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकारी रोडिका डेमियन यांनी यातल्या सुमारे ३ लाख ७७ हजार मुलांची माहिती घेऊन हिशेब मांडला. प्रश्न साधाच होता. पहिलं मूल आणि नंतरची मुलं यांच्या बुद्धीत आणि स्वभावात फरक असतो का?

उत्तर आलं, हो, असतो. बुद्ध्यांकात, म्हणजे ज्याला आपण आयक्यू म्हणतो त्यात, पहिली मुलं सरासरी एका गुणानं पुढे निघाली. स्वभावातही थोडा फरक दिसला. आणि हे फरक 'सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय' होते. इंग्रजी बातम्यांत 'सिग्निफिकंट' म्हणतात, ते हेच.

सगळा घोळ या 'लक्षणीय' शब्दाचा आहे. रोजच्या बोलण्यात लक्षणीय म्हणजे डोळ्यात भरण्याइतका मोठा. आकडेशास्त्रात त्याचा अर्थ तो नाही.

'लक्षणीय' म्हणजे काय, ते नाण्यावरून बघा

समजा एक नाणं आहे. ते थोडं घासलेलं आहे आणि शंभरात ५२ वेळा छापा पडेल असं आहे. तुम्हाला हे माहीत नाही, नुसता संशय आहे.

तुम्ही ते १०० वेळा उडवलं आणि ५२ वेळा छापा आला. यावरून काही म्हणता येईल का? नाही. एकदम चांगलं नाणंसुद्धा शंभरात ४५ ते ५५ च्या दरम्यान कुठंही छापा दाखवतं. ५२ म्हणजे नशिबाचा खेळ, एवढंच.

आता तेच नाणं १०,००० वेळा उडवलं आणि ५,२०० वेळा छापा आला. प्रमाण तेच आहे, शंभरात ५२. पण आता गोष्ट बदलली. चांगलं नाणं दहा हजारात साधारण ४,९०० ते ५,१०० च्या मध्येच राहतं. ५,२०० पर्यंत ते नुसत्या योगायोगानं लाखात दहा वेळासुद्धा जाणार नाही. म्हणजे नाण्यात खोट आहे, हे जवळजवळ पक्कं झालं.

आकडेशास्त्रातलं 'लक्षणीय' एवढंच सांगतं. खरोखर काहीच फरक नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता फार कमी होती. ही शक्यता शंभरात पाचपेक्षा कमी आली की निकालाला लक्षणीय म्हणण्याची पद्धत आहे. तिला 'पी व्हॅल्यू' असं नाव आहे.

पण इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. शंभर वेळा उडवलं तेव्हाही खोट शंभरात ५२ ची होती आणि दहा हजार वेळा उडवलं तेव्हाही तेवढीच. खोट वाढली नाही, फक्त आपली खात्री वाढली. त्या नाण्यावर एकदाच पैज लावायची म्हटली, तर तुमचा फायदा आधीही जेमतेम होता आणि आताही जेमतेमच आहे.

तोच हिशेब मुलांवर

बुद्ध्यांकाची मोजणी अशी बसवलेली असते की सगळ्यांची सरासरी १०० येते आणि सुमारे दोन तृतीयांश माणसं ८५ ते ११५ च्या मध्ये पडतात. म्हणजे माणसामाणसांतला पसारा साधारण १५ गुणांचा. याला प्रमाण विचलन म्हणतात.

आता समजा १०० पहिली मुलं आणि १०० नंतरची मुलं घेतली. कोणती शंभर मुलं हाती लागतात, त्यावर दोन्ही सरासरींमधला फरक आपोआप दोनेक गुणांनी इकडेतिकडे होतो. एका खेपेला हुशार पोरं जास्त आली, दुसऱ्या खेपेला कमी. या दोन गुणांच्या हेलकाव्यात एक गुणाचा खरा फरक बुडून जातो, दिसतच नाही.

मुलं वाढवली की हा हेलकावा कमी होतो. मुलं चौपट केली की तो निम्मा होतो. प्रत्येक बाजूला एक लाख मुलं घेतली, तर तो एका गुणाच्या चौदाव्या-पंधराव्या भागाइतका उरतो. मग एक गुणाचा फरक त्याच्या पंधरापट उठून दिसतो आणि निकालावर 'लक्षणीय' असा शिक्का बसतो.

म्हणूनच लाखोंच्या सर्व्हेत जवळपास प्रत्येक फरक लक्षणीय निघतो. कुठल्याही दोन गटांत काही ना काही किरकोळ फरक असतोच. मोठा सर्व्हे म्हणजे जबरदस्त भिंग. त्यात मुंगीसुद्धा हत्तीएवढी दिसेल, पण ती राहते मुंगीच.

मग फरक किती मोठा, हे कसं ओळखायचं?

यासाठी दुसरा आकडा लागतो. त्याला 'परिणामाचा आकार' म्हणतात. गटांतला फरक घ्यायचा आणि माणसामाणसांतल्या पसाऱ्याशी ताडून बघायचा. इथं फरक १ गुणाचा आणि पसारा १५ गुणांचा. एक भागिले पंधरा म्हणजे सुमारे ०.०७. मानसशास्त्रात साधारण ०.२ आला तर छोटा, ०.५ आला तर मध्यम आणि ०.८ आला तर मोठा परिणाम धरतात. इथला आकडा 'छोट्या'च्याही निम्म्याखाली आहे.

०.०७ म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर येत नसेल तर असं बघा. एका घरातलं पहिलं मूल आणि दुसऱ्या कुठल्या तरी घरातलं नंतरचं मूल अशी जोडी लावा. अशा १०० जोड्या लावल्या, तर त्यातल्या सुमारे ५२ जोड्यांत पहिलं मूल पुढे असेल आणि ४८ जोड्यांत नंतरचं.

म्हणजे आपण मघाशी बघितलेलं घासलेलं नाणंच. नुसता जन्माचा नंबर बघून कोण हुशार हे सांगायला गेलात, तर शंभरात ४८ वेळा चुकाल. काहीच न बघता नाणं उडवून सांगितलं असतं, तर ५० वेळा चुकला असता. पावणेचार लाख मुलांच्या सर्व्हेनं तुमच्या अंदाजात एवढीच भर घातली.

शिवाय एकाच मुलाची चाचणी थोड्या दिवसांनी पुन्हा घेतली, तरी गुण तीन-चारनं वर-खाली होऊ शकतात. रात्री झोप झाली नसेल, डोकं दुखत असेल, एवढंही पुरतं. पहिल्या आणि नंतरच्या मुलांतला सरासरी फरक त्याहून लहान आहे.

स्वभावाचं तर याहून बारीक निघालं. जन्माचा नंबर आणि स्वभाव यांचा मेळ किती, याचा आकडा सरासरी ०.०२ च्या आसपास आला. हा आकडा ० असेल तर काहीच मेळ नाही आणि १ असेल तर पूर्ण मेळ. ०.०२ चा अर्थ असा की, माणसांच्या स्वभावातला जो एकूण फरक आहे, त्याचे दहा हजार भाग केले तर त्यातले चार भाग जन्माच्या नंबराशी जुळतात. बाकीचे ९,९९६ भाग दुसऱ्या गोष्टींचे. एवढा फरक दोन माणसं शेजारी बसवून कुणाला दिसणार नाही, असं खुद्द हा अभ्यास करणाऱ्यांनीच सांगितलं होतं. बातमी मात्र 'फरक सापडला' एवढ्यावरच थांबते.

सर्व्हे मोठा असला तरी न जाणारी चूक

मोठा आकडा योगायोगाचा हेलकावा घालवतो. पण काट्यातच खोट असेल तर हजार पोती तोलली काय न् लाख तोलली काय, वजन चुकीचंच येणार. उलट, जितकी जास्त पोती तोलाल तितकी त्या चुकीच्या वजनाची खात्री पटत जाईल.

जन्माच्या नंबराच्या हिशेबात अशी एक खोट लपलेली असते. समजा दोन-दोन मुलांची १०० घरं आहेत आणि पाच-पाच मुलांची १०० घरं आहेत. पहिली मुलं झाली एकूण २००. त्यातली निम्मी लहान कुटुंबातली. नंतरची मुलं झाली ५००. त्यातली १०० लहान कुटुंबातली आणि ४०० मोठ्या कुटुंबातली.

आता लहान कुटुंबं जर जास्त शिकलेली आणि बऱ्या परिस्थितीतली असतील, तर पहिल्या मुलांच्या ढिगात अशा घरची मुलं निम्मी आहेत आणि नंतरच्यांच्या ढिगात फक्त पाचातलं एक. दोन्ही ढिगांची सरासरी काढली तर पहिली मुलं पुढे दिसणारच. त्यात जन्माच्या नंबराचा काही संबंध नसला तरी. फरक घराचा असतो, नाव मात्र थोरल्या-धाकट्याचं होतं.

म्हणून रॉबर्ट्स आणि डेमियन यांनी भावंडांची संख्या, घरची आर्थिक स्थिती, वय अशा गोष्टी जुळवून घेऊन हिशेब केला. तसं करूनही एक गुणाचा फरक उरला. ज्या बातमीत अशी जुळवाजुळव केली की नाही हे सांगितलेलं नसतं, तिथं लाखाचा आकडा बघून भुलू नये.

आणखी एक मर्यादा आहे. ही मुलं १९६० सालच्या अमेरिकेतली, तीही हायस्कूलपर्यंत पोहोचलेली. ज्यांनी आधीच शाळा सोडली, ती यात नाहीत. हा निकाल आपल्याकडच्या घरांना जसाच्या तसा लावता येत नाही.

मग छोटा फरक नेहमी टाकाऊच का?

नाही. तो कशासाठी वापरायचा, त्यावर अवलंबून आहे.

नॉर्वेत २००७ साली पेट्टर क्रिस्टेन्सेन आणि टोर ब्येर्केडाल या संशोधकांनी सैन्यभरतीच्या चाचणीतले २ लाख ४१ हजारांहून जास्त तरुणांचे गुण तपासले. तिथं पहिला मुलगा आणि दुसरा मुलगा यांच्यात सुमारे २.३ गुणांचा फरक निघाला. हाही छोटाच. वरच्यासारख्या जोड्या लावल्या तर शंभरात ५४ विरुद्ध ४६. पण त्यांनी आणखी एक गोष्ट बघितली. ज्या दुसऱ्या मुलांचा थोरला भाऊ किंवा बहीण लहानपणीच गेली होती आणि जी घरात थोरली म्हणून वाढली, त्यांचे गुण पहिल्या मुलांसारखे निघाले. म्हणजे कारण आईच्या पोटात किंवा रक्तात नसून घरातल्या जागेत असावं. एकेका मुलाबद्दल काही न सांगणारा बारीक फरक इथं शास्त्रज्ञांना कारणाचा माग काढायला कामी आला. पण असा बारीक माग काढायला लाखोंची माहितीच लागते.

दुसरं उदाहरण जिवाशी संबंधित आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांना दिवसाआड ॲस्पिरिन दिली आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. सुमारे पाच वर्षांत ॲस्पिरिनच्या गटात १३९ जणांना हार्टॲटॅक आला, दुसऱ्या गटात २३९ जणांना.

हजारी हिशेब केला तर एकीकडे साधारण १३ आणि दुसरीकडे २२. हजारातल्या नऊ जणांचा फरक. एकेका माणसाकडे बघितलं तर फरक बारीकच, कारण बहुतेकांना गोळी घेऊनही आणि न घेऊनही काही झालं नाही. पण अकरा हजार माणसांत मिळून १०० हार्टॲटॅक कमी झाले. इथं शंभर घरांचा प्रश्न आहे. हा फरक छोटा म्हणून सोडून देता येत नाही.

याच निकालावर 'हार्टॲटॅक ४४ टक्क्यांनी कमी' अशीही बातमी होते आणि 'हजारात नऊ कमी' अशीही. दोन्ही खरं आहे. पण पहिलं वाचून माणूस मेडिकलकडे धावतो, दुसरं वाचून आधी विचार करतो. विचार करायलाच हवा, कारण ॲस्पिरिननं रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यामुळे धडधाकट माणसांनी सरसकट ही गोळी घ्यावी असं डॉक्टर आता सांगत नाहीत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सुरू करू नये, आणि त्यांनी दिली असेल तर मनानं बंदही करू नये.

पुढच्या वेळी बातमी आली की

'लाखो लोकांच्या सर्व्हेत सिद्ध झालं' असं वाचलं की आधी फरक किती, ते शोधा. गुण, किलो, रुपये, हजारात किती माणसं, अशा मोजता येणाऱ्या भाषेत. तो आकडाच दिलेला नसेल आणि नुसतं 'लक्षणीय' लिहिलं असेल, तर बातमी अर्धीच आहे.

आकडा मिळाला की तो माणसामाणसांतल्या पसाऱ्याशी ताडून बघा. पसारा पंधराचा आणि फरक एकाचा असेल, तर दोन्ही गट जवळजवळ एकमेकांवर पडलेले आहेत.

मग ठरवायचं काय आहे, ते बघा. सरकारला लाखो माणसांसाठी औषधाचं धोरण ठरवायचं असेल, तर हजारात नऊसुद्धा मोलाचे. पण एका घरात, एका पोराबद्दल ठरवायचं असेल, तर शंभरात ५२ हा आकडा काहीच सांगत नाही.

थोरल्याला कॉलेजला घालायचं की धाकट्याला, हा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे. त्या सर्व्हेतल्या शंभर जोड्यांपैकी ४८ जोड्यांत नंतरचं मूल पुढे होतं. आपलं धाकटं त्यातलं आहे की नाही, हे पावणेचार लाखांच्या सरासरीला कळत नाही. ते त्याच्या वह्या उघडून, त्याच्या मास्तरांना भेटून आणि त्यालाच विचारून कळतं.